वाटलेले पास, आलेले पास

तिकिटं संपलेल्या मैफलीतही पुढच्या चार-पाच रांगांत रिकाम्या खुर्च्या दिसतात. खुर्च्यांच्या पाठीवर ‘राखीव – प्रायोजक’ असे कागद चिकटवलेले असतात आणि बाल्कनीत पैसे मोजून बसलेला रसिक त्या कागदांकडे बघत मनातल्या मनात आयोजकांचा उद्धार करत असतो. बाहेर खिडकीवर ‘हाऊसफुल्ल’चा बोर्ड लागलेला असतो आणि खिडकीवरून परत गेलेली काही माणसं अजून फाटकापाशी घुटमळत असतात. स्वर लावताना गायकाची नजर जिथे पहिल्यांदा जाते, नेमकी तीच जागा ओस. या विसंगतीत कुणीही खोटं बोललेलं नसतं. तिकिटं खरंच संपलेली असतात आणि खुर्च्याही खरंच रिकाम्या असतात. मधल्या मध्ये जे हरवलेलं असतं त्याचं नाव सन्मानिका, म्हणजे बोलीभाषेत फ्री पास.

आमच्या गावातल्या संगीत मंडळाचा हिवाळ्यात तीन संध्याकाळींचा महोत्सव असतो. सभागृह आठशे चाळीस खुर्च्यांचं. प्रायोजकांच्या पासांची वही माझ्याकडे असते. मंडळात कलाकारांशी बोलायला, ध्वनिव्यवस्था बघायला, अगदी मंचावरची फुलं लावायलाही माणसं मिळतात. पासांची वही घ्यायला कुणी पुढे येत नाही, कारण त्या वहीपाशी बसणाऱ्याला दिवसभर ‘नाही’ म्हणावं लागतं. पण ही वही एकदा नीट लिहायला लागलं की तिच्यासारखं दुसरं वाचन नाही, असं माझं मत होत गेलं आहे.

वहीत मुळात तीन आकडे असतात आणि ते तिन्ही वेगळे आहेत हे पुष्कळ मंडळांच्या लक्षातच येत नाही. पहिला आकडा कराराचा: मुख्य प्रायोजकाला दर संध्याकाळी साठ पास, सहप्रायोजकांना तीस-तीस, स्मरणिकेत पानभर जाहिरात देणाऱ्यांना प्रत्येकी बारा. दुसरा आकडा प्रत्यक्ष दिलेल्या पासांचा. तो करारापेक्षा कमी-जास्त होतो, कारण ऐनवेळी कुणीतरी ‘अजून दहा द्या हो’ म्हणतं आणि कुणी पाकीट न्यायलाच येत नाही. तिसरा आकडा दारातून आत आलेल्या माणसांचा. वाटाघाटी, रुसवेफुगवे आणि आभाराची पत्रं ही सगळी पहिल्या आकड्यावर चालतात. दुसरा आकडा कुणीतरी पाठकोऱ्या कागदावर लिहून ठेवतं. तिसरा बहुतेक ठिकाणी मोजलाच जात नाही.

पहिल्या आकड्यावर माणसं किती चिवटपणे भांडू शकतात याचा दाखला क्रिकेटमध्ये आहे. २०१८ साली भारतीय क्रिकेट नियामक मंडळाच्या नव्या घटनेत नियम आला की सामन्याची नव्वद टक्के तिकिटं जनतेला विकायची. म्हणजे फुकट पासांसाठी उरली दहा टक्के. त्याच ऑक्टोबरात वेस्ट इंडिजविरुद्धचा दुसरा एकदिवसीय सामना इंदूरला ठरला होता. तिथलं होळकर स्टेडियम सुमारे सत्तावीस हजारांचं. दहा टक्क्यांत नियामक मंडळाला आपल्या प्रायोजकांसाठी वाटा हवा होता आणि मध्य प्रदेशच्या संघटनेला आपल्या सभासदांना, सरकारी खात्यांना, पोलिसांना सांभाळायचं होतं. तोडगा निघाला नाही आणि सामनाच विशाखापट्टणमला हलवला गेला. २४ ऑक्टोबरला तिथे विराट कोहलीने एकदिवसीय सामन्यांतल्या दहा हजार धावा पूर्ण केल्या, सामना बरोबरीत सुटला, आणि इंदूरकरांनी तो टीव्हीवर पाहिला. त्या वादाच्या बातम्या मी बारकाईने वाचल्या होत्या. कुणाला किती पास मिळावेत यावर खूप काही होतं. आधीच्या सामन्यांत दिलेल्या पासांपैकी किती जण खरोखर येऊन बसले, हा प्रश्न मला कुठे दिसला नाही.

तिसरा आकडा मोजायचा तर तयारी पास छापण्यापासून करावी लागते. पासावर नुसतं ‘प्रायोजक’ छापून चालत नाही. प्रत्येक पासाला क्रमांक हवा आणि क्रमांकांची मालिका प्रायोजकाप्रमाणे वेगळी हवी. मुख्य प्रायोजकाची अ मालिका, पहिल्या सहप्रायोजकाची ब, अशी. शुक्रवार, शनिवार, रविवार यांचे रंग वेगळे. एक पास म्हणजे एकच माणूस. ‘दोन व्यक्तींसाठी’ असा पास सोयीचा वाटतो, पण त्यावर कधी एकटाच माणूस येतो, कधी तिघे येतात, आणि दारात उरलेल्या तुकड्यांवरून किती डोकी आत गेली ते कधीच कळत नाही.

पूर्वी दारावरचे डोअरकीपर काका पासाचा अर्धा भाग फाडून खोक्यात टाकत आणि रात्री आम्ही ते तुकडे मालिकेप्रमाणे लावून मोजत असू. आता पासावर क्यूआर कोड असतो आणि कॉलेजची मुलं फोनवर तो वाचून घेतात. यात वेळही नोंदली जाते, हा मोठा फायदा. पण फोनची मोजणी म्हणजे ब्रह्मवाक्य नव्हे. पासाचं चित्र व्हॉट्सॲपवर पुढे जातं, मग एकाच क्रमांकावर तीन माणसं येतात. जो पहिला पोचला तो आत, आणि ज्याच्या नावाने पास होता तो मागाहून येऊन तावातावाने भांडतो. सभागृहाच्या तळमजल्यावर नेटवर्क नसेल तर दोन दारांवरचे दोन फोन एकमेकांशी बोलत नाहीत, आणि एकच कोड दोन्ही दारांवर हिरवा होतो. मध्यंतरात वडा-चहासाठी बाहेर गेलेला माणूस परत येताना पुन्हा मोजला जातो. म्हणून मी एक जुनाट उपाय अजून सोडलेला नाही: पहिला कलाकार सुरू झाल्यावर वीस मिनिटांनी आणि मध्यंतरानंतर वीस मिनिटांनी, बाजूच्या पायरीवर उभं राहून राखीव रांगांतली डोकी मोजायची. दाराचा आकडा आणि रांगेचा आकडा यांत फार फरक पडला तर काहीतरी बिनसलं आहे हे तिथेच कळतं. फोन पन्नास म्हणतो आणि रांगेत तीसच दिसतात, तेव्हा वीस जण एकतर मागे ओळखीच्यांपाशी जाऊन बसलेले असतात किंवा तोंड दाखवून निघून गेलेले असतात.

एका वर्षाचा हिशेब सांगते. मुख्य प्रायोजक म्हणजे यंत्रांचे सुटे भाग बनवणारी एक कंपनी. दर संध्याकाळी साठ, तीन दिवसांचे एकशे ऐंशी पास. शुक्रवारी एकोणीस आले, शनिवारी एकतीस, आणि रविवारी, ज्या दिवशी शेवटी गाणाऱ्या कलाकाराचं नाव गावभर होतं, सत्तावन्न. एकूण एकशे सात, म्हणजे साधारण साठ टक्के. आमचे खजिनदार काका म्हणाले, “चला, साठ टक्के म्हणजे काही वाईट नाही. पुढच्या वर्षी चाळीस टक्के खुर्च्या आधीच विकून टाकू.”

काकांचं गणित बरोबर होतं आणि निष्कर्ष घातक होता. साठातल्या चोवीस खुर्च्या विकून छत्तीस ठेवल्या असत्या, तर शुक्रवारी तरीही सतरा रिकाम्या राहिल्या असत्या आणि रविवारी सत्तावन्न माणसांपैकी एकवीस जण पास हातात घेऊन उभे राहिले असते. ज्यांच्या पैशावर मंच उभा राहिला त्यांचेच पाहुणे.

‘सरासरी’ इथे का फसवते, याचं कारण शोधायला मला दिलेल्या पासांची नोंद उपयोगी पडली. त्या वर्षी मी कंपनीला साठ पासांचा एक गठ्ठा दिला नव्हता. कंपनीत ते कुणाकडे जाणार हे विचारून चार पाकिटं केली होती. वीस विक्री विभागाला वितरकांसाठी, पंधरा कारखान्याला, पंधरा मनुष्यबळ विभागाला आणि दहा संचालकांच्या कार्यालयाला. क्रमांक पाकिटाप्रमाणे लिहून ठेवले होते, त्यामुळे आलेला प्रत्येक पास कुठल्या पाकिटातून निघाला ते कळत होतं. वितरकांचे शुक्रवारी चार, शनिवारी बारा, रविवारी वीसच्या वीस. कारखान्याचे दोन, पाच आणि पंधरा. संचालकांच्या कार्यालयातून पहिले दोन दिवस कुणीच नाही, रविवारी सात. आणि मनुष्यबळ विभागाचे तेरा, चौदा, पंधरा.

कारखान्याच्या पाकिटाची गोष्ट सरळ होती. कारखाना गावाबाहेर, रात्री परत जायला वाहन नाही. रविवारी कंपनीने बस सोडली म्हणून पंधराही आले. म्हणजे ही पंधरा स्वतंत्र माणसं नव्हतीच. बस आली तर पंधरा, नाही तर मोजकेच. वितरकांचंही तसंच. त्यांची बैठक शहरात असेल तर सगळे एकत्र येतात, नसेल तर स्थानिक चार.

विमान कंपन्या खुर्च्यांपेक्षा जास्त तिकिटं विकतात आणि बहुतेकदा त्यांचं निभावतं, कारण तिथे न येणारे प्रवासी आपापल्या वेगवेगळ्या कारणांनी येत नाहीत. आमच्याकडे माणसं गठ्ठ्याने येतात आणि गठ्ठ्याने येत नाहीत. फरक केवढा पडतो ते नाण्यांवर करून बघता येतं. समजा साठही जण आपापलं नाणं उडवून जायचं की नाही ते ठरवतात. मग जवळजवळ दर वेळी बावीस ते अडतीसच्या मध्येच कुठेतरी माणसं येतील. पन्नासच्या वर जाणं जवळजवळ अशक्यच. आता समजा दहा-दहांचे सहा गट आहेत आणि प्रत्येक गट मिळून एकच नाणं उडवतो. सरासरी तीच, तीस. पण आता पन्नास किंवा साठ जण येण्याची वेळ साधारण नऊ संध्याकाळींतून एकदा येते. तीन संध्याकाळींच्या महोत्सवाला तीन वर्षांत एकदा. आणि ती संध्याकाळ मोठ्या नावाचीच असते, कारण सगळ्यांची नाणी त्या नावाकडे बघूनच पडतात. म्हणून राखीव खुर्च्या मोकळ्या करायच्या झाल्या तर त्या टक्केवारीने कधी करू नयेत. कुठला गट येणार नाही हे आधी विचारून घ्यावं आणि मगच त्या गटाच्या खुर्च्या सोडाव्यात.

आता उरलं मनुष्यबळ विभागाचं पाकीट. तिन्ही दिवस भरलेलं, पंचेचाळीसपैकी बेचाळीस. यांना ना बस होती, ना बैठक. तिथल्या अधिकारी बाईंना फोन करून विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, “काही विशेष नाही हो ताई. कँटीनच्या फळ्यावर लिहिलं, शास्त्रीय गाण्याचे पास आहेत, हवे असतील त्यांनी नाव द्या. बाकीच्यांच्या टेबलावर पाकीट ठेवत बसले नाही.” शुक्रवारी सतारवादन होतं, तर सतार ऐकायची आवड असलेले तेरा जण आले. त्यांत लेखा विभागातली एक तबला शिकणारी मुलगी होती आणि निवृत्तीला आलेले एक फिटर होते, जे दरवर्षी स्वतःच्या पैशाने बाल्कनीत बसायचे. आपल्याच कंपनीच्या नावाने पुढच्या रांगेत जागा असते हे त्यांना तोवर कुणी सांगितलं नव्हतं.

हा फोन होईपर्यंत मी न आलेल्या पासांकडे प्रायोजकांची बेपर्वाई म्हणून बघत असे. पाकिटांचे आकडे समोर आल्यावर ते तसं दिसेना. प्रायोजक म्हणजे एक माणूस नसतो. करारावर सही करणारे साहेब एका मजल्यावर, पाकीट घेणारे दुसऱ्या, आणि गाणं ऐकायची ओढ असलेला माणूस तिसऱ्याच मजल्यावर किंवा थेट कारखान्यात. पास वरून निघतो आणि खाली येता येता कुठल्यातरी ड्रॉवरमध्ये थांबतो. ज्याच्या ड्रॉवरमध्ये थांबतो त्याला तो नको असतो, पण देऊन टाकावा असंही वाटत नाही, कारण पास जवळ असण्यात एक मान आहे. फुकट मिळालेली वस्तू वापरली नाही तर काही बुडत नाही. ती दुसऱ्याला दिली तर मात्र काहीतरी हातचं गेल्यासारखं होतं. वाटलेला पास राहतो आणि मागितलेला पास येतो, हे त्या चार पाकिटांनी मला शिकवलं.

तेव्हापासून आम्ही रीत बदलली. प्रायोजकाला छापलेले पास देत नाही. करारातला हक्क तेवढाच राहतो, साठ म्हणजे साठ; पण तो नावं कळवण्याचा हक्क असतो. कंपनीतल्या एका व्यक्तीने बुधवारी संध्याकाळपर्यंत कुठल्या दिवशी कोण येणार ती नावं कळवायची. नाव आलं की त्या नावाचा, त्या दिवसाचा पास जातो. न आलेल्या नावांच्या खुर्च्या गुरुवारी मंडळाकडे परत येतात. त्यांतल्या काही खिडकीवर विक्रीला लागतात, काही संगीत विद्यालयातल्या विद्यार्थ्यांना मिळतात. आणि पासावर ठळक छापलेलं असतं की राखीव जागा कार्यक्रम सुरू होण्याआधी पंधरा मिनिटांपर्यंतच राखली जाईल. त्यानंतर मिळेल तिथे बसावं. हा पंधरा मिनिटांचा नियम दारावरच्या मुलांना पाळता यावा म्हणून अध्यक्षांनी स्वतः पहिल्या संध्याकाळी दारात उभं राहावं, अशी मी अट घातली. विशीतल्या स्वयंसेवकाने एखाद्या कंपनीच्या उपाध्यक्षांना ‘मागे बसा’ म्हणावं, ही अपेक्षाच अन्यायाची आहे.

या रीतीलाही मर्यादा आहेत. संचालकांची नावं बुधवारी कधीच येत नाहीत. ती रविवारी दुपारी चार वाजता येतात. त्यासाठी पहिल्या दोन रांगांत आठ-दहा खुर्च्या कुणाच्याही नावावर न टाकता ठेवाव्या लागतात, आणि पहिला कलाकार सुरू होताना त्या रिकाम्या राहिल्याच तर मागच्या विद्यार्थ्यांना खुणेने पुढे बोलावून घ्यायचं. काही प्रायोजकांना नावं मागणंच अपमानाचं वाटतं. ‘आम्ही पैसे दिलेत, कुणाला पाठवायचं ते आम्ही बघू’ हे त्यांचं म्हणणं चुकीचंही नाही. अशांना छापील पासच देते, फक्त पाकिटं वेगळी करून. आणि नावांची यादी हातात आली की तिचा मोह सुटत नाही. मंडळातल्या एकाने सुचवलं होतं की या सगळ्यांना पुढच्या वर्षीच्या तिकिटांचे मेसेज पाठवू. ती नावं पासासाठी दिलेली होती, वर्गणीदार गोळा करण्यासाठी नाही; महोत्सव झाला की नावं आणि फोन नंबर खोडून फक्त पासाचा क्रमांक आणि वेळ ठेवायची, असं आम्ही ठरवलं आहे.

वेळेच्या रकान्यातूनही पुष्कळ कळतं. रविवारच्या सत्तावन्नपैकी चौदा जण मध्यंतरानंतर आले होते. ते पहिल्या कलाकाराच्या हिशेबात गैरहजर आणि शेवटच्या कलाकाराच्या हिशेबात हजर. नुसतं ‘सत्तावन्न आले’ म्हटलं की पहिल्या कलाकारासमोरच्या रिकाम्या चौदा खुर्च्या कागदावरून पुसल्या जातात. महोत्सवात पहिला मंच बहुधा तरुण गायकाला मिळतो. ज्याला भरलेल्या पुढच्या रांगेची सगळ्यात जास्त गरज, त्याच्याच वाट्याला ही पोकळी येते. म्हणून आता आमच्या वहीत दर संध्याकाळचे दोन रकाने असतात, आणि विद्यार्थ्यांना मोकळ्या खुर्च्यांवर बसवताना पहिल्या मंचाचा विचार आधी होतो.

शेवटचा प्रश्न असतो, हे आकडे प्रायोजकाला दाखवायचे का. खजिनदार काकांचा विरोध होता. “एकशे ऐंशीतले एकशे सातच आले असं लिहिलं, तर पुढच्या वर्षी ते पैसे कमी करतील.” भीती अगदीच निराधार नव्हती. तरी त्या वर्षी मी पत्रात चारही पाकिटांचे आकडे लिहिले, कुणालाही बोल न लावता, आणि खाली मनुष्यबळ विभागाच्या फळ्याची गोष्ट दोन ओळींत लिहिली. कंपनीकडून जे उत्तर आलं त्यात रकमेबद्दल काहीच नव्हतं. त्यांनी विचारलं होतं की वितरकांचे वीस कमी करून कारखान्याचे वाढवता येतील का, आणि शनिवारीही बस सोडली तर ती सभागृहाच्या आवारात उभी करायला जागा मिळेल का. पुढच्या वर्षीच्या कराराचा मसुदा त्यांनीच पाठवला. त्यात दर संध्याकाळी पासांची संख्या साठावरून पंचेचाळीसवर आणली होती आणि रक्कम तीच ठेवली होती. काकांनी तो मसुदा दोनदा वाचला, वाचलेल्या पंधरा खुर्च्या तिकिटाच्या दराने गुणल्या आणि पासांच्या वहीसाठी नवी, जाड पुठ्ठ्याची वही घ्यायला मंजुरी दिली.